नागपूरच्या मैदानासाठी गोलकीपरचे ग्लोव्ह्ज: लेटेक्स आणि कट कसा निवडायचा, ग्रिप कशी टिकवायची

"भाऊ, महागाचे घेतले तरी महिन्यात सोलून निघाले." दर सीझनला कोणीतरी कीपर हे म्हणतोच, आणि लगेच विचारतो, आता कोणत्या कंपनीचे घेऊ? कंपनीचा दोष क्वचितच असतो. बहुतेक वेळा सर्वांत मऊ लेटेक्स मुरमावर वापरलेलं असतं, ग्लोव्ह्ज हातात सैल असतात, आणि सरावानंतर ते गच्चीवर उन्हात टाकलेले असतात. एकाच जोडीच्या वाट्याला हे तिन्ही आलं तर ती महिनाभर टिकली हेच नवल.

खरेदीला निघण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या: भरपूर ग्रिप आणि भरपूर टिकाऊपणा एकाच लेटेक्समध्ये मिळत नाही. तळव्यावरचं लेटेक्स हा बारीक छिद्रांचा फोम असतो. चेंडू आदळला की तो दबतो, चेंडूच्या गोलाईला धरून पसरतो आणि जास्त जागेवर चिकटून राहतो. जितका मऊ तितका जास्त पसरतो, म्हणून ग्रिप जास्त. पण जो फोम चेंडूखाली इतक्या सहज दबतो, तो खड्यावर घासला की तितक्याच सहज फाटतो. त्यामुळे "सर्वांत चांगले ग्लोव्ह्ज कोणते" याला उत्तर नाही. तुम्ही कुठे खेळता, यावर ते ठरतं.

## १. आधी मैदान बघा

नागपूर-कामठीकडे बहुतेक कीपरांचा सराव मुरूम टाकलेल्या किंवा कडक मातीच्या मैदानावर होतो. हिवाळ्यानंतर ती माती दगडासारखी होते आणि वरचा मुरूम सुटा होतो. लेटेक्सची सर्वांत जास्त झीज इथेच होते. दुसरा प्रकार भाड्याच्या टर्फचा. तो दिसायला हिरवा असला तरी त्याच्या पात्यांमध्ये वाळू आणि रबराचे कण भरलेले असतात, घसरत डाइव्ह मारली की तेही लेटेक्स खरवडतात. खरं गवत सर्वांत सौम्य, पण ते रोज कोणाच्या नशिबात नसतं.

हिशोब असा मांडा. आठवड्यातले किती दिवस कशावर खेळता? चार दिवस मुरमावर सराव आणि रविवारी एक सामना असेल, तर तुमच्या ग्लोव्ह्जचं आयुष्य सराव ठरवतो, सामना नाही. म्हणून शक्य असेल तर दोन जोड्या ठेवा. सरावासाठी टिकाऊ, कडक ग्राउंडसाठी बनवलेल्या लेटेक्सची, आणि सामन्यासाठी मऊ लेटेक्सची. दोन्ही एकदम नव्या घ्यायला हव्यात असं नाही. सामन्याची जोडी थकली की ती सरावाला येते आणि सामन्यासाठी नवी घेता येते.

एकाच जोडीचं बजेट असेल तर मधल्या प्रतीचं लेटेक्स घ्या. टीव्हीवर दिसतात तसे वरच्या प्रतीचे ग्लोव्ह्ज एकुलती एक जोडी म्हणून मुरमावर वापरणं म्हणजे पैसे जमिनीत पुरणं आहे. ते टीव्हीवरचे कीपर दर काही सामन्यांनी जोडी बदलतात, आणि ती त्यांना विकत घ्यावी लागत नाही.

## २. दुकानात लेटेक्स ओळखा

पाकिटावरच्या नावांवर जाऊ नका. सॉफ्ट, सुपर सॉफ्ट, गिगा, काँटॅक्ट ही नावं सगळीकडे दिसतील, पण सगळ्या कंपन्यांनी मिळून पाळलेली अशी एक श्रेणी नाही. एकाचं सुपर सॉफ्ट दुसऱ्याच्या साध्या सॉफ्टइतकंच असू शकतं. साधारणपणे काँटॅक्ट लिहिलेलं लेटेक्स वरच्या प्रतीचं आणि नाजूक असतं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. 'प्रो' आणि 'एलिट' ही मॉडेलची नावं आहेत, त्यावरून लेटेक्सबद्दल काही कळत नाही.

आता ग्लोव्हच्या तळव्याची कड बघा. मनगटापाशी किंवा बोटांच्या शिवणीजवळ तळव्याचा थर कापलेला दिसतो. तिथे दोन थर असतात: वर लेटेक्स, त्याखाली गादीसाठी लावलेला साधा फोम. चांगल्या ग्लोव्हमध्ये लेटेक्स ३ ते ४ मिलिमीटर आणि खालचा फोम साधारण ३ मिलिमीटर असतो. दुकानदार "सात एमएम आहे" म्हणाला तर त्यातले लेटेक्स किती, हे विचारा. ऑनलाइन घेतानाही दोन आकडे वेगळे दिले आहेत का ते पाहा. एकच मोठा आकडा दिला असेल तर तो बहुधा बेरीज करून दिलेला असतो.

जाड लेटेक्स म्हणजे जास्त ग्रिप, हा गैरसमज आहे. ग्रिप फोमच्या प्रकारावर अवलंबून असते. जाडीने झिजायला जास्त माल मिळतो आणि जोरदार शॉटचा मार कमी लागतो. पातळ तळव्यात चेंडू हाताला जास्त जाणवतो. मुरमावर खेळणाऱ्याने ४ मिलिमीटर घ्यावं असं माझं मत आहे, कारण आपल्याकडे पहिला मिलिमीटर फार लवकर जातो.

मग अंगठ्याने तळवा दाबा आणि सोडा. लेटेक्स दबून लगेच वर यायला हवं. खळगा तसाच राहिला तर फोम हलका आहे. दाबल्यावर काहीच झालं नाही, पृष्ठभाग गुळगुळीत आणि थोडा चकाकणारा लागला, तर ते लेटेक्स नसून पीव्हीसीसारखं काहीतरी आहे. अगदी स्वस्त ग्लोव्ह्जमध्ये असं हमखास आढळतं. त्याला ग्रिप येत नाही, कितीही धुतलं तरी.

पावसाळ्यासाठी 'अॅक्वा' लेटेक्स वेगळं मिळतं. ते ओल्यात चालतं, कोरड्यात मात्र साध्या लेटेक्सपेक्षा मागे पडतं. आपल्याकडे जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत त्याचा उपयोग आहे, बाकीचे आठ महिने नाही. एकच जोडी घ्यायची असेल तर ते घेऊ नका.

तपासा: नव्या ग्लोव्ह्जच्या तळव्यावर पातळ प्लॅस्टिक चिकटवलेलं असतं. ते काढल्याशिवाय चिकटपणा कळत नाही आणि काढल्यावरही खरी ग्रिप पहिल्या धुण्यानंतरच येते. त्यामुळे दुकानात चेंडू पकडून "ग्रिप नाही" म्हणत चांगली जोडी परत ठेवू नका. तिथे फक्त कड आणि दाब तपासा.

## ३. हात मोजा, दोन्ही बाजूंनी

बुटाच्या नंबरावरून किंवा वयावरून ग्लोव्हचा नंबर काढू नका. शिंप्याकडचा टेप घ्या. अंगठा सोडून, बोटांच्या मुळाशी जिथे हात सर्वांत रुंद आहे तिथे गोल फिरवून इंचात माप घ्या. ज्या हाताने लिहिता तो सहसा किंचित मोठा असतो, म्हणून दोन्ही मोजा आणि मोठं माप धरा. माप पुढच्या पूर्ण इंचापर्यंत वाढवा आणि त्यात एक मिळवा. हा झाला सुरुवातीचा नंबर.

त्यानंतर मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटाच्या पहिल्या रेघेपर्यंत लांबी मोजा आणि त्या कंपनीच्या तक्त्याशी ताडून बघा. लांब बोटांचे अरुंद हात आणि आखूड बोटांचे रुंद हात या दोघांचा घेर सारखा येऊ शकतो, पण ग्लोव्ह सारखा बसणार नाही.

घातल्यावर मधल्या बोटाच्या टोकापुढे अर्धा ते एक सेंटिमीटर जागा राहायला हवी. बोट टोकाला टेकत असेल तर शिवण लवकर उसवते. दीड-दोन सेंटिमीटर मोकळं राहत असेल तर चेंडू अडवताना ती रिकामी टोकं मागे वळतात आणि हात आत घसरतो. हाताच्या प्रत्येक घसरण्याबरोबर तळवा चुणतो, आणि चुणलेल्या जागी लेटेक्स आधी फाटतं.

इशारा: वाढत्या मुलाला "पुढच्या वर्षीही चालतील" म्हणून दोन नंबर मोठे ग्लोव्ह्ज घेऊन देऊ नका. मुरमावर ते पुढच्या वर्षापर्यंत टिकणारच नाहीत, आणि या वर्षी मात्र चेंडू सुटत राहील. अर्धा नंबर मोठा चालतो.

## ४. कट निवडा

कट म्हणजे बोटांपाशी लेटेक्स आणि कापड कसं जोडलं आहे ते. ग्लोव्ह उलटा धरून बोटाच्या बाजूकडे बघितलं की लगेच कळतं.

फ्लॅट कटमध्ये तळव्याचा सपाट तुकडा असतो आणि बोटांच्या बाजूला कापडाची पट्टी. शिवण बाहेर दिसते. ग्लोव्ह ऐसपैस असतो, हवा खेळते, रुंद हातांना बरा पडतो. बारीक हातात मात्र तो फिरतो.

रोल फिंगरमध्ये लेटेक्स बोटाच्या बाजूंवरून वळवून मागच्या कापडाला जोडलेलं असतं, मध्ये पट्टी नसते. त्यामुळे बोटाच्या बाजूंनाही चेंडू लागतो तिथे लेटेक्सच असतं. हवेतला क्रॉस पकडताना हा फायदा लगेच जाणवतो. पण जमिनीवर डाइव्ह मारताना करंगळीची बाजू आधी घासते, आणि रोलमध्ये तिथेही नाजूक लेटेक्स उघडं असतं. कडक मैदानावर रोल ग्लोव्ह करंगळीपासून सोलायला सुरुवात होते, हे जुन्या जोड्या काढून बघितल्या तरी दिसेल.

निगेटिव्ह कटमध्ये शिवण आतल्या बाजूला असते. ग्लोव्ह हाताला घट्ट बसतो, चेंडू जवळून जाणवतो. आतली शिवण काहींना टोचते आणि रुंद हातांना तो आवळतो. याचा नंबर निवडताना शंका असेल तर अर्धा नंबर वर जा. यांशिवाय हायब्रिड असतात, ज्यांत काही बोटं रोल आणि काही निगेटिव्ह. बहुतेक हायब्रिडमध्ये अंगठा किंवा तर्जनी आणि करंगळी रोल असतात. घेताना कोणती बोटं कशी आहेत ते बघा, नुसतं 'हायब्रिड' शब्दावर विसंबू नका.

मुरमावर सरावासाठी मी निगेटिव्ह किंवा फ्लॅट सांगेन, हात बारीक की रुंद त्यावरून. रोल सामन्यासाठी ठेवा.

बोटांत प्लॅस्टिकच्या पट्ट्या असलेले फिंगर सेव्ह घ्यावेत का, हा प्रश्न पालक जास्त विचारतात. बोटाला आधी दुखापत झालेली असेल तर त्यांचा आधार मिळतो. बाकी वेळी बोटांची पकड थोडी अडखळते. पट्ट्या काढता येतील असेच घ्या. बोट मुरगळलं असेल तर त्या टेपची जागा घेत नाहीत.

## ५. एक हिशोब करून बघू

समजा सोळा वर्षांचा एक कीपर आहे. हाताचा घेर १९.३ सेंटिमीटर, म्हणजे साधारण ७.६ इंच. पुढचा पूर्ण इंच ८, त्यात एक मिळवला की नंबर ९. पण त्याच्या हाताची लांबी १७.५ सेंटिमीटरच आहे आणि कंपनीच्या तक्त्यात ती ८ नंबरच्या रांगेत येते. म्हणजे हात रुंद, बोटं आखूड.

फ्लॅट कटमध्ये ९ नंबर घातला तर तळहाताला आराम वाटतो, पण बोटांपुढे दीड सेंटिमीटर मोकळं राहतं. तो बाद. निगेटिव्हमध्ये ८ बोटांना बरोबर, पण हातावर आवळतो, मूठ वळताना अंगठ्याच्या बुडाशी ताण येतो. तोही बाद. फ्लॅट कटमध्ये साडेआठ घातल्यावर बोटांपुढे साधारण एक सेंटिमीटर राहतं आणि मूठ मोकळी वळते. हाच त्याचा नंबर. आता दिसलं असेल की नंबर आणि कट एकत्रच ठरवावे लागतात.

तो आठवड्याला चार दिवस मुरमावर आणि रविवारी कधी गवतावर, कधी मुरमावर खेळतो. बजेट एका जोडीचं. तर त्याने कडक ग्राउंडसाठीचं किंवा मधल्या प्रतीचं ४ मिलिमीटर लेटेक्स, फ्लॅट कट, साडेआठ नंबर घ्यावा. तळव्याच्या बुडाशी, म्हणजे पडताना जिथे हात टेकतो तिथे, जाड पट्टी असलेलं मॉडेल मिळालं तर ते घ्यावं. वडिलांनी पुढच्या सीझनला दुसरी जोडी कबूल केली, तर ती मऊ लेटेक्सची रोल कट घेऊन फक्त रविवारसाठी ठेवता येईल.

## ६. पहिल्यांदा धुणं, खेळण्याआधी

नवीन ग्लोव्ह्जच्या लेटेक्सवर ते साठवणीत टिकावं म्हणून रसायनांचा अंश असतो. तो धुतला जाईपर्यंत तळवा निसरडा लागतो. पाकीट फोडून थेट सामन्याला उतरणारे कीपर इथेच फसतात.

खेळाच्या आदल्या दिवशी कोमट पाण्यात ग्लोव्ह्ज दोन-तीन मिनिटं बुडवा, हातात घालून तळवे एकमेकांवर हलके फिरवा. पाण्यावर फेस किंवा गढूळपणा दिसेल. पाणी बदला आणि ते स्वच्छ येईपर्यंत पुन्हा करा. पहिल्या वेळी साबणाची गरज नाही. नंतर सावलीत वाळवा. पहिला वापर सामन्यात नको, एका हलक्या सरावात करा.

इशारा: कोमट म्हणजे ३० अंशांच्या आसपास. मे महिन्यात नागपुरात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला येतं तेच हाताला चटका देतं. त्या पाण्याने लेटेक्सचा चिकट पदर सैल पडतो. सकाळी भरून ठेवलेली बादली वापरा. मनगटाच्या आतल्या बाजूला पाणी ऊन लागलं तर ते जास्तच गरम आहे.

## ७. मैदानावर: ओलसरपणा राखा

नागपूरच्या कीपरांचं सर्वांत जास्त नुकसान इथे होतं, कारण इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले थंड आणि दमट हवेतल्या कीपरांनी दिलेले असतात. ते म्हणतात, सामन्याआधी तळवे ओले करा. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी ते ओले केलेले तळवे काही मिनिटांत कोरडे होतात. मग त्यांवर मुरमाची धूळ बसते. मळलेल्या कणकेवर पीठ भुरभुरलं की ती हाताला चिकटत नाही, तसंच धुळीने भरलेलं लेटेक्स चेंडूला चिकटत नाही. कीपर समजतो ग्रिप संपली. ती संपलेली नसते, झाकली गेलेली असते.

त्यासाठी गोलच्या जाळीमागे पाण्याची एक बाटली आणि एक छोटा जुना टॉवेल ठेवा. टॉवेल ओला करून पिळलेला. वॉर्मअपच्या दहा मिनिटं आधी तळव्यांवर पाणी घाला, हाताने पसरवा, जास्तीचं झटकून टाका. नंतर खेळ थांबला की, गोल किक असो वा थ्रो-इन, ओल्या टॉवेलवर तळवे टेकवा. त्याने धूळ निघते आणि ओल परत येते. घासू नका, टेकवून उचला.

तपासा: बोटाच्या पाठीने तळवा दाबा. गार आणि ओलसर लागला पाहिजे, पण दाबल्यावर पाणी सुटता कामा नये. पाणी सुटत असेल तर चेंडू आणि लेटेक्स यांमध्ये पाण्याचा थर येतो आणि चेंडू निसटतो. पावसात तर उलटं करावं लागतं: पाणी घालायचं नाही, तळवे वारंवार झटकायचे.

थुंकी लावणं सगळे करतात. काही सेकंद ती चालते, पण पाण्याने तेच होतं आणि धूळही निघते.

ग्लोव्ह्ज फाटतात ते बहुतांशी चेंडूमुळे नाही, बाकीच्या गोष्टींमुळे. डाइव्हनंतर उठताना तळहात जमिनीवर टेकवून उठायची सवय सोडा, मूठ किंवा कोपर टेकवा. बसल्यावर मागे हात टेकून रेलू नका. ग्लोव्ह्ज घालून लोखंडी गोलपोस्ट उचलणं, जाळीच्या तारेला लोंबकळणं आणि सरावानंतर तसेच गाडी चालवत घरी जाणं हे प्रकार रोज दिसतात. गाडीच्या रबरी ग्रिपवर तळवे अर्धा तास घासून निघतात आणि दोष मात्र लेटेक्सला.

काढताना मनगटाचा पट्टा पूर्ण सोडा आणि मनगटाकडून ग्लोव्ह हळूहळू उतरवा. बोटांची टोकं धरून ओढलं की टोकाची शिवण सैल होते.

## ८. घरी आल्यावर: धुण्याचा क्रम

मैदानावरून आल्यावर ग्लोव्ह्ज बॅगेत किंवा डिक्कीत राहू देऊ नका. उन्हात उभ्या गाडीची डिक्की भट्टी होते, आणि आत घाम, धूळ, उष्णता तिन्ही एकत्र. लेटेक्स तिथे एका दुपारीत चिकट किंवा कडक होऊ शकतं.

पहिली पायरी मनगटाचा पट्टा बंद करण्याची. उघडा वेल्क्रो धुताना तळव्याला अडकतो आणि लेटेक्सचे तुकडे ओढून काढतो. ही चूक फार जण करतात.

दुसरी पायरी साध्या पाण्याची. माती वाळलेली असेल तर आधी पाच मिनिटं भिजू द्या, खरवडू नका. पावसाळ्यातली काळी माती चिवट असते, तिला जास्त वेळ द्या. ब्रश आणि कपडे धुण्याची पावडर दोन्ही बाजूला ठेवा.

तिसरी, ग्लोव्ह्ज हातात घालून ग्लोव्ह वॉश किंवा लहान मुलांच्या सौम्य शॅम्पूचे काही थेंब घ्या, आणि दोन्ही तळवे हलक्या हाताने एकमेकांवर फिरवा. आतलं अस्तरही दाबून धुवा, वास तिथूनच येतो. डेटॉल, सॅनिटायझर, फॅब्रिक सॉफ्टनर यांपैकी काही नको. सॉफ्टनर तर लेटेक्सवर पातळ थर सोडतो आणि ग्रिपच जाते.

चौथी, पाणी स्वच्छ येईपर्यंत खळखळून धुवा. घरी बोअरवेलचं पाणी असेल तर शेवटचं पाणी कॉर्पोरेशनच्या नळाचं घ्या. जड पाण्यात साबण नीट निघत नाही, मागे पांढरट थर राहतो.

पाचवी, पिळायचं नाही. बोटांच्या टोकांकडून मनगटाकडे हलकं दाबत पाणी बाहेर काढा. नंतर कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. वॉशिंग मशीनच्या ड्रायरचा विचारही नको.

साबण दर वेळी लागत नाही. धुळीच्या सरावानंतर साध्या पाण्याने धुणं पुरतं. घाम जास्त आला, वास येऊ लागला किंवा साध्या पाण्याने तळव्याचा निसरडेपणा गेला नाही, तर साबण वापरा. पाण्याने धुणं मात्र एकदाही चुकवू नका.

## ९. वाळवणं आणि ठेवणं

ऊन, उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन लेटेक्सला कडक आणि ठिसूळ करतात. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा गच्चीवर एक दुपार म्हणजे एका सीझनचं नुकसान. हेअर ड्रायर, इस्त्रीची वाफ, फ्रिजच्या मागची गरम हवा हेही तसंच.

बोटांत वर्तमानपत्राचे बोळे सैल भरा, ते ओल शोषतात. तासाभराने ते काढून टाका आणि ग्लोव्ह्ज रिकाम्या पाण्याच्या बाटल्यांवर बोटं वर करून उभे ठेवा, म्हणजे पाणी टोकांत न साचता खाली निथळतं. तळव्याला चिमटा लावून टांगू नका. उन्हाळ्यात कूलरच्या खोलीतली सावली उत्तम, कारण तिथली हवा फार कोरडी नसते. अगदी झोतासमोर मात्र नको. पावसाळ्यात पंख्याखाली ठेवा आणि आतलं अस्तर हाताने तपासल्याशिवाय बॅगेत टाकू नका.

ठेवण्याचा नियम ऋतूप्रमाणे बदलतो. पावसाळ्यात ग्लोव्ह्ज पूर्ण वाळवूनच ठेवा, नाहीतर दोन-तीन दिवसांत अस्तरात बुरशी आणि वास येतो. खेळण्याआधी पुन्हा ओले करा. उन्हाळ्यात लेटेक्स महिनाभर पूर्ण कोरडं पडून राहिलं तर वरचा पदर कडक होतो. परीक्षांमुळे खेळ बंद असेल तेव्हा आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने तळवे पुसून घ्या. दोन्ही तळवे समोरासमोर चिकटवून कधीही ठेवू नका. ते एकमेकांना चिकटतात आणि ओढून वेगळे करताना सोलतात. आलेलं पातळ प्लॅस्टिक फेकलं नसेल तर तेच मध्ये ठेवा. बॅग जाळीची किंवा हवा जाणारी हवी.

## १०. संपली की नाही, हे कसं ओळखायचं

ग्रिप कमी वाटली की लगेच नवीन जोडी घेऊ नका. आधी आठव्या भागात सांगितल्याप्रमाणे साबणाने धुवा, सावलीत वाळवा, ओलसर करा आणि मग चेंडू पकडून बघा. ग्रिप परत आली तर झाकली गेली होती. धुतल्यानंतरही तळवा चकाकतो, बोटाने दाबला की ताठ लागतो किंवा त्यावर बारीक भेगा दिसतात, तर वरचा पदर मेला आहे, ती जोडी सरावाला टाका.

लेटेक्स सोलून खालचा फोम दिसू लागला तर जागा बघा. तळव्याच्या बुडाशी सोललं असेल तर अजून काही दिवस सरावात चालेल, कारण चेंडू तिथे धरला जात नाही. बोटांच्या टोकांवर आणि तळव्याच्या मध्यावर सोललं असेल तर चेंडू तिथूनच सुटणार.

बोटाची शिवण उसवली आणि लेटेक्स शाबूत असेल तर चपला शिवणाऱ्याकडून पक्का दोरा घालून घ्या, फक्त टाके लेटेक्सच्या कडेपासून थोडे आत घ्यायला सांगा. फेव्हिक्विक लावू नका. ते वाळून काचेसारखं कडक होतं, आणि त्या कडकपणाच्या कडेने लेटेक्स पुढच्याच डाइव्हला फाटतं.